वेंगुर्ल्याची फिल्म कुठे पाठवायची : महोत्सवांच्या नोंदी

११ जून २०२३

एडिट जवळजवळ लॉक झालं. सध्याची लांबी १९ मिनिटं १० सेकंद, श्रेयनामावलीसह. वेंगुर्ल्याच्या बंदरावरचा मासळीचा लिलाव, तिथे पाट्या घेणारी एक बाई आणि कॉलेजला जाणारी तिची मुलगी, एवढीच गोष्ट आहे. संवाद सगळे मालवणीत.

संकलकाने आज विचारलं, "पंधराच्या आत आणायची का?" कारण एकच, फ्रान्समधला कानचा महोत्सव. तिथल्या लघुपट स्पर्धेला श्रेयनामावली धरून १५ मिनिटांची मर्यादा आहे. आमच्या गोष्टीतून चार मिनिटं काढायची तर एक आख्खा लिलाव जातो, आणि तो गेला की मुलीचा शेवटचा निर्णय अधांतरी राहतो. ताई, म्हणजे आमची दिग्दर्शिका, "कानसाठी लिलाव कापायचा नाही" म्हणाली. मला पटलं. जिथे निवड होण्याची शक्यता नगण्य आहे त्या दारासाठी फिल्मचा कणा मोडायचा नाही.

तरी १९ मिनिटं जास्तच वाटतात. महोत्सवात लघुपट एकेकटे दाखवत नाहीत. साधारण दीड तासाच्या गुच्छात पाच-सहा किंवा सात फिल्म बसवतात. निवडणाऱ्याला १९ मिनिटांची एक फिल्म घ्यायची तर दहा मिनिटांच्या जवळजवळ दोन सोडाव्या लागतात. म्हणून लांब फिल्म तेवढीच जास्त चांगली असावी लागते. सुरुवातीचा बंदरावरचा पहाटेचा तुकडा आणि मधला एसटीचा प्रवास सैल आहे, तिथून दोन मिनिटं निघतील. लक्ष्य १७.

२५ जून

लांबी १६ मिनिटं ५० सेकंद. लॉक.

आता पैसे. महोत्सवांसाठी ४०,००० रुपये बाजूला ठेवले आहेत. त्यातले १५,००० डीसीपीला, म्हणजे थिएटरात चालणाऱ्या डिजिटल प्रतीला, आणि सबटायटलना. उरले २५,०००, तेच एन्ट्री फीचे.

महोत्सवांचे अर्ज जिथून भरतात त्या फिल्मफ्रीवेवर एक पान उघडून बसलो. प्रत्येक महोत्सवाला तीन-चार मुदती असतात : अर्ली बर्ड, रेग्युलर, लेट, कधी एक्स्टेंडेड. फिल्म तीच, बघणारी माणसं तीच, फी मात्र चढत जाते. आज पाहिलेल्या एका अमेरिकन महोत्सवात अर्ली बर्ड ३५ डॉलर होती आणि लेट ७५. शिवाय लेटमध्ये येणारा ढिगारा सगळ्यात मोठा असतो, आणि तो निवडणारे थकलेले असताना त्यांच्यासमोर येतो. तेव्हा लेटमध्ये काही भरायचं नाही, हे आजच ठरलं.

फीचा खरा आकडा नुसत्या डॉलरमधून कळत नाही. ५० डॉलर म्हणजे ८३ च्या भावाने ४,१५० रुपये. माझ्या कार्डावर परदेशी व्यवहाराचा साडेतीन टक्के आकार आणि त्यावर जीएसटी, म्हणजे हातातून जातात साधारण ४,३२०. अशा सहा ठिकाणी भरलं तर २५,००० पुरतसुद्धा नाहीत. यादी तीस नावांची असली तरी पैसे देऊन फिल्म जाईल ती पाच-सहा ठिकाणी, हे मनाशी पक्कं झालं की निवड सोपी होते.

८ जुलै

आज एका महोत्सवाचा मेल आला. आम्ही त्यांना काही पाठवलं नव्हतं. "तुमचा प्रकल्प आमच्या निवड समितीच्या नजरेत आला आहे, ५० टक्के सवलतीचा कोड सोबत." ताईला क्षणभर आनंद झाला. मी पान उघडून पाहिलं.

स्पर्धा दर महिन्याला. पुरस्कारांचे विभाग मोजायचा कंटाळा येईल इतके : सर्वोत्तम पहिला लघुपट, सर्वोत्तम पोस्टर, सर्वोत्तम प्रेरणादायी कथा, सर्वोत्तम मोबाइल फिल्म. एका फिल्मने चार विभागांत भरायचं, प्रत्येक विभागाची फी वेगळी. जिंकलं तर प्रमाणपत्र फुकट, ट्रॉफी मात्र विकत. कुठल्या थिएटरात काय दाखवलं, याचा पत्ता नाही.

ही शेवटची गोष्ट मी प्रत्येक अनोळखी महोत्सवाच्या बाबतीत तपासतो. गेल्या वर्षीचं वेळापत्रक शोधायचं : कुठल्या दिवशी, कुठल्या पडद्यावर, किती वाजता, कुठली फिल्म. खऱ्या महोत्सवाचं ते मिळतंच, कारण प्रेक्षकाला त्याच्याशिवाय यायचं कसं? मग त्यातल्या दोन-तीन दिग्दर्शकांना सरळ मेसेज करायचा : शो झाला का, माणसं किती होती, आवाज नीट होता का. लोक मोकळेपणाने सांगतात. निवड झाली म्हणून पोस्टरवर लावायच्या झाडाच्या पानांच्या चिन्हाखेरीज काहीच देत नसतील अशा ठिकाणी एक रुपया घालायचा नाही. पाहणाऱ्याला ती चिन्हं ओळखू येतात, आणि अशा चार पानांमुळे पाचव्या खऱ्या पानाची किंमत कमी होते.

२२ जुलै

आज दिवसभर प्रीमियरवर वाद. चांगला झाला.

आमच्या गटातल्या दोघांचं म्हणणं होतं की फिल्म कुठेही दाखवायची नाही, वर्ल्ड प्रीमियर जपायचा. मी नियमांची पानं वाचून एक तक्ता केला होता तो समोर ठेवला. जगात पहिल्यांदा दाखवली तो वर्ल्ड प्रीमियर. आपल्या देशाबाहेर पहिल्यांदा, तो इंटरनॅशनल. त्याखाली खंडाचा, देशाचा, कधी कधी फक्त शहराचा. फिल्म मायदेशात दाखवली तर वर्ल्ड प्रीमियर खर्ची पडतो, इंटरनॅशनल शाबूत राहतो.

मग प्रश्न असा की आमच्या यादीतल्या कोणाला यातलं काय हवं आहे? मोठ्या लांबीच्या चित्रपटांना प्रीमियरची अट बऱ्याच मोठ्या महोत्सवांत कडक असते आणि ती ऐकीव भीती लघुपटवाल्यांनाही चिकटते. प्रत्यक्षात अमेरिकेतला सनडान्स महोत्सव लघुपटांकडून प्रीमियर मागत नाही. क्लेरमाँ-फेराँ, म्हणजे फ्रान्समधला लघुपटांचा सगळ्यात मोठा महोत्सव, तोही मागत नाही. बर्लिनालेच्या, म्हणजे बर्लिनच्या महोत्सवाच्या, लघुपट विभागाला मात्र फिल्म मायदेशाबाहेर आधी दाखवलेली चालत नाही. वर्ल्ड प्रीमियर असला तर त्यांना आवडतो, पण नसला म्हणून दार बंद होत नाही.

म्हणजे आमच्या यादीत जपण्यासारखी गोष्ट एकच उरते, इंटरनॅशनल प्रीमियर, आणि तीही बर्लिनचं उत्तर येईपर्यंतच. भारतात दाखवायला मोकळीक. जानेवारीनंतर तर कुणाचीच अडकाठी नाही.

एक गोष्ट मात्र सगळ्यांसाठी बंद : यूट्यूब. पंधरा दिवसांसाठी टाकून काढली तरी अनेक महोत्सवांच्या लेखी ती जाहीर झालेली फिल्म. सगळ्यांना एकच पासवर्ड लावलेली लिंक जाईल. पासवर्ड मध्येच बदलायचा नाही. निवड समिती कधी कधी पाठवल्यानंतर चार महिन्यांनी बघते, तेव्हा तिच्यासमोर बंद दार नको.

३० जुलै, वेंगुर्ला

मासेमारीबंदी उद्या संपते. होड्या अजून वर ओढलेल्या, माणसं मोकळी, म्हणून आजचा दिवस धरला. जाळी विणायच्या शेडमध्ये चादर लावून फिल्म दाखवली. ज्यांनी काम केलं त्या बायका, त्यांची घरची माणसं, शेजारी. जाहिरात नाही, तिकीट नाही, बोलावणं तोंडी. असा कलाकार-तंत्रज्ञांसाठीचा खासगी खेळ प्रीमियरमध्ये धरत नाहीत. तरी तारीख आणि स्वरूप इथे लिहून ठेवतो, कारण काही अर्जांत "आजवरचे सर्व खेळ" असा रकाना असतो आणि तिथे खरं तेच लिहायचं.

लिलावाच्या प्रसंगाला शेड नुसती हसत होती. कोण कुणावर कुरघोडी करतंय ते त्यांना शब्दागणिक कळत होतं. खेळ संपल्यावर फिल्ममधली मुख्य बाई, प्रत्यक्षातही बंदरावरच बसते ती, म्हणाली, "आमका कळला. पण त्या बाहेरच्या लोकांका कळतला काय, आमी कित्याक बोंबलतव ता?"

माझ्या सगळ्या तक्त्यात हा रकाना नव्हता. आज घातला : हा लिलाव कुठल्या प्रेक्षकाला, कुठल्या खोलीत, आपोआप कळेल?

२० ऑगस्ट

त्या प्रश्नाची पहिली बाजू म्हणजे सबटायटल. निवड समितीतला माणूस फिल्म इंग्रजी पाट्यांवरूनच बघणार. लिलावात तीन बायका एकावर एक बोलतात. सगळं वाक्य न् वाक्य लिहिलं होतं तेव्हा डोळा पडद्याच्या तळाशीच अडकायचा, आणि चेहरे, जिथे खरी गोष्ट आहे, निसटायचे.

आज अनुवादकाबरोबर बसून तो प्रसंग नव्याने केला. बोलीचे आकडे तेवढे ठेवले, आणि मुख्य बाई ज्या एका वाक्याने समोरचीला गप्प करते ते वाक्य. शिव्या, टोमणे, देवाच्या आणाभाका, सगळं आवाजावर सोडलं. एका वेळी दोनच ओळी, आणि ओळ वाचून डोळा वर जायला वेळ. मालवणी न येणाऱ्या एका मैत्रिणीला दाखवली. भाव कोणी पाडला आणि का पाडला, ते तिने बरोबर सांगितलं. आता पाठवायला हरकत नाही.

१७ सप्टेंबर

पहिल्या दोन ठिकाणी गेली.

क्लेरमाँ-फेराँ. त्यांच्याकडे शॉर्टफिल्मडेपो या पोर्टलवरून भरतात. तिथे पैशांचे स्टॅम्प विकत घ्यायचे आणि ते अर्जाला लावायचे; अमेरिकन फींच्या मानाने रक्कम किरकोळ. तिथे लघुपटांचा बाजारही भरतो, चॅनेलवाले आणि वितरक येतात. दरवर्षी हजारोंनी फिल्म येतात, त्यामुळे आशा माफक. पण इतक्या कमी पैशांत इतक्या मोठ्या खोलीत नशीब आजमावता येतं, आणि प्रीमियरचं बंधन नाही, तेव्हा न पाठवण्याला कारणच नाही.

ओबरहाउझेन. जर्मनीतला, १९५४ पासूनचा. तिथे एन्ट्री फी घेत नाहीत. आंतरराष्ट्रीय स्पर्धेची मर्यादा ३५ मिनिटं, आपण आत आहोत. पण मागच्या काही वर्षांच्या निवडी पाहिल्या तर ओढा प्रायोगिक कामाकडे आहे, माध्यमालाच प्रश्न विचारणाऱ्या फिल्मकडे. आपली फिल्म सरळ गोष्ट सांगते. फी असती तर पाठवली नसती. नाही, म्हणून पाठवली. यादीतला त्याचा दर्जा मात्र तळाचा.

८ ऑक्टोबर

फीमाफीची पत्रं लिहिली. यात एक पथ्य पाळतो : आधी विचारायचं, भरून झाल्यावर नाही. आणि पत्र एका परिच्छेदाचं. आम्ही कोण, फिल्म कशावर, किती मिनिटांची, तुमच्या मागच्या वर्षीच्या अमुक विभागाशी ती का जुळते, आणि फी पूर्ण किंवा अर्धी माफ होईल का. गरिबीचं वर्णन नाही. त्यांना दया नको असते, आपण त्यांचा कार्यक्रम वाचला आहे याचा पुरावा हवा असतो.

बऱ्याच ठिकाणांहून उत्तर नाही. परदेशातल्या एका दक्षिण आशियाई महोत्सवाने अर्धी फी माफ केली. एका ठिकाणाहून स्वच्छ नकार आला, पण सोबत लिहिलं होतं की यंदा त्यांचा लघुपटांचा गुच्छ शहरी विषयांचा आहे. या नकाराने आमची पूर्ण फी वाचवली.

५ नोव्हेंबर

बर्लिनाले भरलं. लघुपटाची मर्यादा ३० मिनिटं, त्याची अडचण नाही. फी आपल्या यादीतली सगळ्यात टोचणारी, पण प्रीमियर ज्याच्यासाठी राखला त्याला पाठवायचीच नाही तर राखला कशाला.

दरम्यान पुण्यातल्या एका कॉलेजच्या महोत्सवाने डिसेंबरमध्ये दाखवायला मागितली आहे. फी नाही, स्पर्धा नाही, खेळानंतर अर्धा तास चर्चा. जुलैचा तक्ता काढला. मायदेशातला खेळ, इंटरनॅशनल प्रीमियरला धक्का नाही. ताईला विचारलं, तिने दोन मिनिटांत हो म्हटलं. वर्ल्ड प्रीमियर असा खर्च झाला आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. पुण्यात कोकणातून आलेली पोरं भरपूर आहेत, ती पाट्या न वाचता हसतील. ज्यांना पाट्या लागणार आहेत ती शेजारी बसलेली असतील. अशी मिश्र खोली नंतर कुठे मिळेल सांगता येत नाही.

१६ डिसेंबर

पुण्याचा खेळ झाला. लिलावात हसणं दोन लाटांत आलं, आधी मालवणी कळणाऱ्यांचं, मग पाटी वाचून झालेल्यांचं. दुसरी लाट आली याचा अर्थ ऑगस्टचं काम लागलं.

याच आठवड्यात सनडान्सची लघुपटांची निवड जाहीर झाली. आलेले लघुपट १२,०९८, निवडलेले ५३. सव्वादोनशेमागे एक. आपण तिथे पाठवलं नव्हतं, आणि हा आकडा त्याचं कारण नाही. क्लेरमाँलाही आपली शक्यता काही मोठी नाही. कारण असं की सनडान्सच्या फीत फीमाफीनंतरच्या दोन-तीन लहान, विषयाला जुळणाऱ्या ठिकाणांचा खर्च निघतो. जिथे बसणाऱ्याला बंदर माहीत आहे तिथे आपली शक्यता सव्वादोनशेत एक नसते.

याच विचाराने शोधत गेलो तेव्हा ब्रिटनीतलं लोरिआँ सापडलं. फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावरचं मोठं मासेमारी बंदर. तिथे दर वर्षी 'पेशर द्यु माँद' हा महोत्सव भरतो, जगभरच्या मच्छीमारांवरच्या फिल्मचा. प्रेक्षकांत त्या बंदराची माणसंही. एवढा जुळणारा प्रेक्षक मोठ्या नावाच्या पाठीमागे धावताना दिसला नव्हता. तो मार्चमध्ये असतो, बर्लिन फेब्रुवारीत, त्यामुळे प्रीमियरची टक्करही होत नाही. वेंगुर्ल्याला फोन करून सांगितलं. पलीकडून पहिला प्रश्न आला, "थयसर खयचा मासा गावता?"

२० जानेवारी २०२४

बर्लिनहून नकार. क्लेरमाँहूनही. दोन्ही पत्रं सभ्य आणि छापील.

ताईला वाईट वाटलं, मलाही. पण याच्यापुढे काय करायचं ते जुलैमध्येच लिहिलेलं असल्यामुळे आज बसून नव्याने ठरवावं लागलं नाही. इंटरनॅशनल प्रीमियर आता राखायचा नाही. जे राखीव ठेवले होते ते सगळे अर्ज आज मोकळे केले : अर्धी फी माफ केलेला दक्षिण आशियाई महोत्सव, आणि युरोपातले दोन किनारी शहरांतले.

सेन्सॉर प्रमाणपत्राचं कामही याच महिन्यात हाती घेतलं, ई-सिनेप्रमाण पोर्टलवर अर्ज टाकला. महोत्सवातल्या खेळांना ते लागत नाही, त्यांना मंत्रालयाकडून सूट मिळते आणि ती महोत्सवाने घ्यायची असते. पण राष्ट्रीय पुरस्कारांना ते लागतं, आणि ज्या कॅलेंडर वर्षात प्रमाणपत्र मिळालं त्याच वर्षाच्या पुरस्कारांत फिल्म धरली जाते. डिसेंबरच्या शेवटी घाईघाईत घेण्यापेक्षा जानेवारीत शांतपणे कागद पुरे केले.

२ मार्च

मिफची, म्हणजे मुंबईच्या माहितीपट, लघुपट आणि ॲनिमेशनच्या महोत्सवाची प्रवेशिका. १९९० पासूनचा, दर दोन वर्षांनी होणारा. यंदा जूनमध्ये आहे. दोन वर्षांनी येतो म्हणून मुदत चुकवून चालत नाही, तोवर फिल्म जुनी झालेली असते. प्रेक्षक माहितीपट बघणारा आहे, त्याला बंदर खरं आहे की सजवलेलं ते लगेच कळतं. आमच्या फिल्मसाठी हे चांगलंच आहे, तिथल्या मासळीच्या पाट्या, तराजू आणि बायका सगळं खरंच आहे.

केरळचा माहितीपट आणि लघुपट महोत्सवही यादीत वर चढवला. तिरुवनंतपुरमला होतो, राज्याची चलच्चित्र अकादमी भरवते. भारतीय लघुपटांची स्पर्धा आहे, आणि तिकडचा प्रेक्षक पाट्या वाचून फिल्म बघायला सरावलेला आहे. लिलाव कसा चालतो हे त्या किनाऱ्यावर समजावून सांगावं लागणार नाही.

१४ एप्रिल

एका यूट्यूब वाहिनीने फिल्म मागितली आहे. पैसे थोडे, प्रेक्षक भरपूर. ताईचं मन होतं. गावातल्या बायकाही विचारतात, मोबाइलवर कधी येणार.

मिफ आणि केरळ, दोन्हींची उत्तरं यायची आहेत. गोव्याच्या इफ्फीच्या इंडियन पॅनोरमाचा अर्ज उन्हाळ्यानंतर निघेल, आणि तिथे कथाबाह्य विभागात लघुपट घेतात. पणजीच्या खोलीत मालवणीला पाट्या लागायच्या नाहीत, कोकणी येणाऱ्याला ती कळते. ही खोली मला हवी आहे, आणि ती मिळाली नाही हे कळेपर्यंत फिल्म नेटवर टाकायची नाही. वाहिनीला लिहिलं की नोव्हेंबरअखेर कळवतो, करार तेव्हा. त्यांनी मान्य केलं.

फीच्या २५,००० पैकी उरले ६,१००. यातून आता एकच मोठी फी भरता येईल किंवा दोन लहान. मोठी नाही भरायची. एका लहान फीचे पैसे केरळच्या प्रवासाला राखून ठेवतो, निवड झाली तर लिलावातल्या बाईला सोबत न्यायचं आहे. सावंतवाडीहून तिरुवनंतपुरमला कोकण रेल्वेने थेट गाडी आहे का, हे उद्या बघायचं.